दुधाचा भरवसा, तांबी की अंतरा?

प्रश्न : १२ मार्चला मला मुलगी झाली. नॉर्मल झालं, टाके दोनच. परवा ती दोन महिन्यांची झाली. पाळी अजून आलेली नाही. दिवसभर अंगावर पाजते, पण रात्री ती सासूबाईंजवळ झोपते. दहाला पाजलं की मग थेट पहाटे पाचला, मध्ये एकदा त्या पावडरच्या दुधाची बाटली देतात. आमचे हे हर्णैच्या होडीवर असतात. मच्छीबंदी लागली की १ जूनपासून दोन महिने घरीच. बाळंतपणापासून आमचा संबंध आलेला नाही. सासूबाई म्हणतात, अंगावर दूध आहे तोवर दिवस जात नाहीत. जाऊबाईंनी माला-एनचं पाकीट आणून दिलंय. आशाताई म्हणतात तांबी बसव, नाहीतर अंतराचं इंजेक्शन घे. तांबी वर चढते म्हणतात, आणि इंजेक्शनाने दूध आटतं म्हणतात. हिमोग्लोबिन ९.४ आहे. दुसरं मूल हवंय, पण तीनेक वर्षांनी. काय करू?
— दापोली तालुक्यातली एक वाचक

उत्तर :

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या घरात रात्री दहा ते पहाटे पाचच्या मध्ये अडकलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

बाळ स्तन चोखतं तेव्हा बोंडातल्या नसांमधून मेंदूला निरोप जातो. मेंदूतून बीजकोशाला ‘बीज पिकव’ असा जो संदेश ठरावीक ठेक्यात जात असतो, त्याचा ठेका या चोखण्याने विस्कटतो. बीज पिकत नाही, पाळी येत नाही, दिवस जात नाहीत. हे काम छातीत साठलेलं दूध करत नाही, बाळाचं चोखणं करतं, आणि त्याचा असर काही तासच टिकतो. म्हणून या पद्धतीला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. पाळी सुरू झालेली नसावी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. आणि बाळाला फक्त अंगावरचं दूध असावं, तेही दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. या तिन्ही अटी नीट पाळणाऱ्या शंभर बायकांपैकी सहा महिन्यांत एकीलाच, किंवा तिलाही नाही, दिवस जातात. अटी थोड्याफार इकडेतिकडे झाल्या तर दोघींना. गोळ्यांच्याही तोंडात मारील असा हा आकडा आहे.

पण तो आकडा तुमचा नाही. तुमच्याकडे रात्री सात तासांचा खंड आहे आणि मध्ये वरच्या दुधाची बाटली आहे. तिसरी अट मोडली आहे. दूध पंपाने काढून वाटी-चमच्याने पाजलं तरी ही अट पुरती भरून निघत नाही, कारण पंप म्हणजे बाळाचं चोखणं नव्हे. आता बाटली बंद करून बाळाला रात्री तुमच्याजवळ घेतलंत तर दुधाला आणि बाळाला फायदाच आहे, ते जरूर करा. पण दोन महिने नवरा घरी असताना एवढ्या एकाच गोष्टीवर विसंबणं बरं नव्हे. पाळी आलेली नाही याचाही आधार धरू नका. बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलंच बीज फळलं तर पाळी न येताच दिवस राहतात. वर ‘दूध पाजतेय म्हणून पाळी नाही’ असं समजत तीन-चार महिने निघून जातात.

आता बाकीच्या साधनांकडे. ‘इतके टक्के अपयश’ म्हणजे ते साधन वापरणाऱ्या शंभर बायकांपैकी वर्षभरात किती जणींना दिवस गेले. असे दोन आकडे असतात. पहिला, साधन अगदी नेमाने वापरलं तर. दुसरा, माणसं जसं खरोखर वापरतात तसं वापरलं तर. आम्ही नेहमी दुसरा आकडा आधी बघतो आणि मग दोन्हींमधली दरी बघतो. दरी जितकी मोठी, तितकं ते साधन रोजच्या आठवणीवर आणि नेमावर चालतं.

निरोधचं उदाहरण घ्या. नेमाने वापरला तर शंभरात दोन, प्रत्यक्षात तेरा. दोन आणि तेराच्या मधलं सगळं ‘आजच्या दिवस राहू दे’ या एका वाक्यात मावतं. शेवटच्या क्षणी बाहेर घेण्याचा आकडा वीस आहे, म्हणजे पाचात एक. तुमच्या बाबतीत निरोधला आणखी एक अडचण आहे, जी कुणी बोलत नाही. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो. मग दुखतं, घर्षण होतं, आणि कोकणातल्या घरात हाताशी काय असतं? खोबरेल तेल. लॅटेक्सच्या निरोधला कुठलंही तेल लागलं की तो काही मिनिटांतच कमकुवत होतो आणि फाटतो. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली जेली मिळते, तीच वापरा. आणि निरोधची पाकिटं होडीच्या केबिनमध्ये किंवा पाकिटात महिनोन्महिने ठेवलेली नसावीत, उष्णतेनेही लॅटेक्स खराब होतं.

माला-एन जाऊबाईंना परत करा, किंवा सहा महिने कपाटात ठेवा. गोळी वाईट नाही, वेळ चुकीची आहे. तिच्यात दोन संप्रेरकं असतात, त्यातलं एक इस्ट्रोजेन. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन तो आणखी वाढवतं. तुमचे सहा आठवडे २३ एप्रिललाच संपले, तो मुद्दा मागे पडला. पण दूध कमी होण्याचा मुद्दा आहेच. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे तुमच्या हिशेबाने १२ सप्टेंबरपर्यंत, ही गोळी घेऊ नये. ‘इंजेक्शनाने दूध आटतं’ ही तुम्ही ऐकलेली भीती मुळात अशा गोळ्यांची आहे, ती उगाच अंतराच्या माथी मारली जाते.

अंतरामध्ये इस्ट्रोजेन नाही. त्यात एकच संप्रेरक आहे, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, १५० मिलिग्रॅम, दंडात किंवा कमरेत दिलं जाणारं. ते बीज सुटू देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव इतका दाट करतं की शुक्राणू आत शिरत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. दूध आटत नाही. दुधातून बाळाच्या पोटात अगदी थोडा अंश जातो, पण त्याने बाळाच्या वाढीवर परिणाम झालेला दिसलेला नाही. इंजेक्शन दिलेली जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही. बाळंतिणीच्या शेक-शेगडीची सवय असलेल्या घरात हे मुद्दाम सांगावं लागतं. चोळलं किंवा शेकलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही.

अंतराचा नेमाचा आकडा ०.२ आहे, प्रत्यक्षातला चार. एवढा फरक का? पुढच्या इंजेक्शनाला उशीर होतो म्हणून, दुसरं काही नाही. दर तीन महिन्यांनी ते घ्यावं लागतं. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेतलं तरी चालतं, त्यापलीकडे नाही. तुम्ही २४ मेला घेतलंत तर पुढची तारीख २४ ऑगस्ट, म्हणजे १० ऑगस्ट ते २१ सप्टेंबर हा अवधी. त्यात पाऊस आहे आणि गणपतीची गडबडही. खाडीपलीकडच्या वाडीतून आरोग्य केंद्र गाठायचं असेल तर पहिला कोरडा दिवस बघून ऑगस्टच्या मध्यालाच उरका.

अंतराचे दोन तोटे नीट समजून घ्या. पहिला पाळीचा. सुरुवातीचे महिने कधीही थोडं थोडं अंगावरून जातं, दिवसांचा मेळ राहत नाही, आणि वर्षभराने जवळपास अर्ध्या बायकांची पाळी पूर्ण थांबते. रक्त आत साठत नाही, तयारच होत नाही. हिमोग्लोबिन ९.४ असताना हे उलट पथ्यावरच पडतं. दुसरा तोटा थांबवल्यानंतरचा. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. मुलगी तीन वर्षांची होईल त्या मार्चपासून दुसऱ्यासाठी प्रयत्न करायचा असेल तर शेवटचं इंजेक्शन त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमारास, धरा. रक्तदाब फार वाढलेला असेल किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर अंतरा देत नाहीत, म्हणून देण्याआधी रक्तदाब मोजून घ्या.

आता तांबी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लास्टिकचा लहानसा तुकडा, त्यावर तांब्याची तार. सरकारी केंद्रात दोन प्रकार असतात, ३८० ए दहा वर्षांचा आणि ३७५ पाच वर्षांचा. तांब्याचे कण गर्भाशयातल्या पाण्यात मिसळतात आणि शुक्राणूंना बीजापर्यंत पोहोचण्याआधीच निकामी करतात. संप्रेरक नाही, त्यामुळे दुधाशी काहीही संबंध नाही. नेमाचा आकडा ०.६, प्रत्यक्षातला ०.८. दरी जवळजवळ नाहीच, कारण बसवल्यावर रोज काही आठवायचं नसतं. आणि बसवली त्या क्षणापासून काम सुरू. काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. ‘तीनेक वर्षांनी’ असा बेत असलेल्या बाईला हे सोयीचं आहे.

वर चढून काळजात जाण्याचा रस्ताच नाही. गर्भाशय ही जाड स्नायूची बंद पिशवी आहे, वरच्या दोन्ही नळ्या सुतळीपेक्षाही बारीक. तांबी जाते ती बहुधा खाली, म्हणजे निसटून बाहेर. पहिल्या वर्षात शंभरातल्या दोन ते आठ जणींची निसटते, जास्त करून पहिल्या काही महिन्यांत. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवलेली आणखी जास्त निसटते. ४८ तास उलटले की चार ते सहा आठवडे बसवतच नाहीत. तुमचे आठवडे पूर्ण झालेत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पण वर चढण्याच्या भीतीत खऱ्याचा एक कण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बसवताना कधीकधी तांबी पिशवीच्या भिंतीतून आरपार पोटात जाऊ शकते. एरवी हे हजारात एखादीला होतं. अंगावर पाजणाऱ्या आणि बाळंतपणाला नऊ महिने न झालेल्या बायकांमध्ये हजारात पाच ते सहा जणींना होतं, कारण या काळात पिशवीची भिंत मऊ आणि पातळ असते. म्हणजे हजारातल्या ९९४ जणींना काही होत नाही, पण म्हणूनच हे काम सवयीच्या हाताने झालं पाहिजे. बसवण्याआधी आतून तपासून पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे ते बघतात, मग सळईने तिची लांबी मोजतात आणि तेवढ्याच मापावर तांबी सोडतात. ‘पिशवीची लांबी किती आली?’ एवढं बसवणाऱ्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारा. ज्यांनी मोजली ते लगेच सांगतील.

हिमोग्लोबिनचं काय? तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं आणि पोटात कळ येते. ९.४ ला तांबी बसवायची मनाई नाही. शिवाय तुमची पाळीच सुरू झालेली नाही, त्यामुळे रक्त भरून काढायला थोडा अवधी हाताशी आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या अजून घेताय ना? जेवणानंतर चहा पिऊन त्यावर गोळी घेत असाल तर लोह अंगी लागत नाही. चहा दोन तास लांब ठेवा, लिंबू किंवा कोकमाचं सरबत चालेल. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा मोजा. ते घसरत असेल तर तांबी काढून अंतराकडे वळायला तेवढं कारण पुरेसं आहे.

छाया गोळीचं नाव तुमच्या पत्रात नाही, पण आशाताईंच्या पिशवीत ती असणार, म्हणून थोडं. ३० मिलिग्रॅम सेंटक्रोमन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. त्यात संप्रेरक नाही, अंगावर पाजताना चालतं. बीज सुटतं, पण गर्भाशयाचं अस्तर त्याला रुजवून घ्यायला तयार नसतं. नीट घेतली तर शंभरात एक-दोन अपयश. घोटाळा होतो तो वेळापत्रकात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ रविवारी आणि बुधवारी, आणि नंतर फक्त रविवारी. तिसऱ्या महिन्यानंतर बुधवार सोडायच्या ऐवजी कुणी रविवारच सोडतं, कुणी दोन्ही. गोळी सात दिवसांपेक्षा जास्त राहिली तर पुन्हा पहिल्यापासून आठवड्यातून दोनदा सुरू करावी लागते. पाळी लांबते, मग दिवस गेल्याची शंका येत राहते. कावीळ, बीजकोशात गाठी किंवा क्षयाचा इतिहास असेल तर घेऊ नका. बाळंतपणाच्या धांदलीत, झोप मोडलेल्या बाईला वारांचा हिशेब ठेवायला लावणं आम्हाला फारसं पटत नाही.

नसबंदीचा विचार तुम्हाला दुसरं मूल हवं असताना करायचाच नाही.

तर तुमचा निर्णय खरा दोनच गोष्टींमध्ये आहे, आणि आमचं मत तांबीच्या बाजूने पडतं. कारण एकच, बेत तीन वर्षांचा आहे आणि पावसाळ्यात तुम्हाला कुठल्याही तारखेच्या मागे धावावं लागणार नाही. आतून तपासणी आणि तांबी नकोच वाटत असेल, तर अंतरा हा तितकाच शहाणपणाचा पर्याय आहे, फक्त तारखेची जबाबदारी तुमची.

वेळेचा हिशेब असा. बाळंतपणापासून संबंध आलेला नाही, म्हणजे दिवस गेलेले नाहीत हे नक्की, आणि पाळीची वाट न बघता कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. (संबंध येऊन गेला असता तर निश्चय किटची चाचणी त्यानंतर तीन आठवडे थांबूनच खात्रीची ठरली असती. त्याआधी एकच रेघ आली तरी तिचा अर्थ काही नसतो.) तांबी ३१ मेपर्यंत कधीही बसवलीत तरी चालेल. अंतरा मात्र २४ मेपर्यंत घ्या. पाळी चालू नसताना घेतलेल्या इंजेक्शनावर पहिले सात दिवस विसंबायचं नसतं, आणि ते सात दिवस ३१ मेला संपतात. तारीख हुकली तर पहिला आठवडा निरोध, तेलाशिवाय.

तांबी बसवायला जाताना बाळंतपणाचं कार्ड, हिमोग्लोबिनचा कागद आणि दुपारपर्यंत बाळ सांभाळायला कुणीतरी बरोबर घ्या. जाण्याआधी बाळाला पाजून घ्या, लघवी करून घ्या. काम काही मिनिटांचं असतं, पाळीत येते तशी कळ येते, एखादीला क्षणभर चक्कर येते, म्हणून लगेच उठू नका. बसवल्याचं कार्ड मागून घ्या आणि त्यावर प्रकार, ३८० ए की ३७५, आणि तारीख लिहिली आहे का ते तिथेच वाचा. बरोबर एक महिन्याने तपासणीला जा. यजमान घरी असतील, बाळ त्यांच्याकडे ठेवता येईल.

त्यानंतर महिन्यातून एकदा, स्वच्छ धुतलेल्या हाताने, उकिडवं बसून आत बोट घालून दोरे बघा. गर्भाशयाचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, त्यातून दोन मऊ दोरे बाहेर आलेले असतात. ओढायचे नाहीत. दोरे पूर्वीपेक्षा लांब लागले, मध्ये कडक प्लास्टिक टोचलं किंवा दोरेच हाती लागले नाहीत, तर तांबी जागेवर नाही असं धरून निरोध वापरा आणि केंद्रात जा. सोनोग्राफीत कळतं. ताप, ओटीपोटात थांबून न राहणारं दुखणं आणि घाण वासाचं अंगावरून जाणं यातलं काहीही, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि पुढे पाळी सुरू झाल्यावर ती मध्येच चुकली, सोबत एका बाजूला पोट दुखायला लागलं, तर त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात जा. तांबी असताना दिवस जाणं दुर्मीळ, पण गेलेच तर नळीत राहिलेले असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.